शिट्टीबाईंची निवड चाचणी

आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणतात. त्यांचं खरं नाव विचारलं तर हेडबाईसुद्धा क्षणभर छताकडे बघतील. शिट्टी सदानकदा गळ्यात. एकदा परीक्षेच्या वर्गावर बोलणाऱ्या दोन मुलांना गप्प करायला त्यांनी ती सवयीने वाजवली आणि अख्खा वर्ग उभा राहिला होता.

मी गणिताचा मास्तर. कॉलेजात बास्केटबॉल बरा खेळायचो. हे पोट त्यानंतरचं आहे. तेवढ्या भांडवलावर शिट्टीबाई मला दरवर्षी मुलींच्या संघाच्या निवडीला निरीक्षक म्हणून ओढून नेतात. मी कुरकुर करतो, त्या ऐकत नाहीत.

त्या येण्याआधी आमचा संघ शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर ठरायचा. कुणाच्या ओळखीची, कुणाच्या क्लासची, की झाली निवड. बाईंनी पहिल्याच वर्षी तो कारभार बंद पाडला. गुण कशाकशाला मिळणार ते चाचणीच्या बरंच आधी फलकावर लागू लागलं: पास, चेंडूवरचा ताबा, बचाव, खेळातली समज, संघाशी वागणं. नुसती नावं नाहीत, तर एक गुण म्हणजे कसा खेळ आणि पाच गुण म्हणजे कसा, हेही सोप्या शब्दांत. समान गुण पडले तर खेळातली समज बघायची, हेसुद्धा आधीच लिहिलेलं. मुलींच्या पाठीवर फक्त क्रमांक. मी, दुसऱ्या शाळेचा एक प्रशिक्षक आणि एक जुनी खेळाडू असे आम्ही तिघं निरीक्षक मैदानाच्या तीन बाजूंना, आणि कागद जमा होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. मी एकदा त्या प्रशिक्षकाला लांबून भुवई उडवून दाखवली, तर बाईंनी मला सर्वांदेखत झापलं.

निकालाची तऱ्हाही त्यांची स्वतःची. यादी आधी लागायची नाही. प्रत्येक मुलीला खेळाच्या खोलीत एकटीला बोलवायचं, सोबत आमच्यापैकी एक जण हजर. ज्यांची निवड झाली नाही त्या आधी. त्या खोलीला मागे एक दार आहे, ते नळांकडे उघडतं. "रडलेला चेहरा घेऊन कुणाच्या समोरून जावं लागू नये," बाई म्हणायच्या. ही बाई तोंडाने फटकळ, पण असल्या गोष्टी त्यांना बरोबर सुचायच्या.

यंदा चाचणीला त्यांची भाची होती. बहीण गेली तेव्हा बाईंनी त्या पोरीला घरी आणलं, स्वतःचा संसार मांडायचा राहूनच गेला. पोर मावशीच्या मागे मैदानावरच वाढली. आधीच्या चाचण्यांत ती लहान पडली, एकदा तापाने फणफणली. हे तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष. संघात यायचं तर यंदाच, नाहीतर कधीच नाही. हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांचे डोळे बाईंवर होते. दोन-चार पालकांची कुजबुजही चालू झाली होती.

बाईंनी हेडबाईंना लेखी कळवलं की यंदा मी गुण देणार नाही, फक्त चाचणी चालवीन. योग्यच केलं. माझ्याच्याने तेवढंही झालं नसतं.

चाचणीच्या शेवटी छोटे सामने असतात. प्रत्येक सामन्यानंतर चिठ्ठ्या काढून गट बदलायचे, म्हणजे प्रत्येक मुलगी चांगल्या मुलींबरोबरही खेळते आणि कच्च्या मुलींबरोबरही. चिठ्ठी काढून क्रमांक पुकारायचं काम बाईंकडे. आम्ही आपले पाठीकडे बघून गुण लिहीत होतो.

शेवटच्या जागेसाठी दोघी समान आल्या: भाची आणि एक उंच, लाजरी मुलगी. खेळातल्या समजेत भाचीला कमी गुण होते. नियम स्पष्ट होता. भाची बाहेर.

"तिला मी सांगतो," मी म्हणालो.

"बाकीच्यांना मी सांगते. तिला तुम्ही का सांगणार? ती काय परकी आहे?"

म्हणून मी नुसता हजर राहिलो. भाची समोरच्या खुर्चीवर ताठ बसली. बाई सगळ्यांशी बोलल्या तशाच हळू आवाजात बोलल्या. "यंदा तुझी निवड झालेली नाही. तुझा बचाव तिन्ही निरीक्षकांना आवडला. सामन्यात पास उशिरा गेले, तिथे गुण कमी झाले. तुझा कागद बघायचा असेल तर बघ. शंका असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत फेरतपासणी मागता येते."

"नाही, बाई. काही शंका नाही," पोर म्हणाली आणि मागच्या दाराने गेली. नळ बराच वेळ वाहत होता. बाईंनी पुढच्या मुलीला लगेच बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दुसऱ्या शाळेच्या प्रशिक्षकाचा मला फोन आला. "अहो, रात्रभर डोक्यात घोळतंय. ती बचाववाली पोर दर सामन्यात नवख्या मुलींच्याच गटात कशी हो? पास देणार कुणाला ती? पुढे कुणी पळतच नव्हतं."

मी तडक मैदानावर गेलो. बाई चेंडूत हवा भरत होत्या. मी विचारलं तशा त्यांनी पंप खाली ठेवला.

"चिठ्ठीत तिचा क्रमांक चांगल्या गटात आला होता. दोनदा. मी बदलला."

"का?"

"लोक म्हणाले असते, मावशीने वशिला लावला."

"आणि हा काय लावलात? उलटा वशिला!" माझा आवाज चढला. "एवढे नियम केलेत, आणि ते मोडायला तुम्हाला घरचीच पोर सापडली?"

बाईंनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली आणि म्हणाल्या, "हेडबाईंना सांगून येते. दोघींचे सामने परत घ्यायचे, नीट चिठ्ठ्या काढून. माझ्याशिवाय." हेडबाई तयार झाल्या. म्हणाल्या, चूक चाचणीत आहे, मुलींची नाही, तेव्हा दोघींना विचारूनच काय ते करा.

आम्ही आधी बाईंच्या घरी गेलो. भाची दोरीवरचे कपडे काढत होती. बाईंनी दारातच, चपला न काढता, सगळं सांगून टाकलं. कुठे आडपडदा ठेवला नाही. "चूक माझी आहे. उद्या सामने परत होतील. तू खेळ."

पोरीने हातातला टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला. "त्या दुसरीला काय सांगणार? काल घेतलं, आज परत ये म्हणून? तिने घरी सांगितलंय, मावशी. तिची आई दुपारी दुकानात सगळ्यांना सांगत होती."

"तिचंही नुकसान करायचं नाहीये. पण तुझ्यावर अन्याय झालाय."

"मला माहितीये."

"काय माहितीये?"

"तू क्रमांक बदललास ते. चिठ्ठी तुझ्या हातात होती, मी मागेच उभी होते, मला दिसली." ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना.

"मग कालच का नाही बोललीस? फेरतपासणी का नाही मागितलीस?" बाईंनी विचारलं.

"मला वाटलं, मी संघात नको आहे तुला," भाची म्हणाली. "म्हणून मग मी पास उशिराच दिले."