सात नंबरचा वॉर्मर

नाजिया सिस्टरची नोकरी मी घालवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी कुणाचा गैरसमज नको.

परळीच्या एका मेकॅनिकची ही मुलगी, बीड जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात कंत्राटी परिचारिका. नवजात बाळांच्या विभागात जंतुसंसर्गाची नोंद ठेवणं आणि तो रोखणं हे तिचं काम. रोज सकाळी आठला ती प्रत्येक वॉर्मरपाशी, म्हणजे बाळ उबेत ठेवायच्या खाटेपाशी, थांबून बाळं मोजायची, बोट लावून. डॉक्टर हसायचे. "सिस्टर, बाळं पळून जातात का?" ती मान वर न करता वहीत आकडा टाकायची.

तिने काम हाती घेतलं त्या वर्षी बाळांच्या रक्तातले संसर्ग चोविसांवरून बेचाळीस झाले. कंत्राट संपत आलं होतं. अधीक्षक मोहनरावांनी मला बोलावलं, कारण मी वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि फुकटात येतो. "सिस्टरमुळे वाढले का, तेवढं सांगा," म्हणाले.

संसर्गाची नुसती संख्या बघून चालत नाही. बाळं जितके दिवस राहतील तितका धोका, म्हणून भागायचं ते रुग्ण-दिवसांनी; एक बाळ एक दिवस राहिलं की एक रुग्ण-दिवस. गणिती प्रतिमानात या रुग्ण-दिवसांचा लॉग ऑफसेट म्हणून घालतात, म्हणजे दिवस दुप्पट झाले तर संसर्गही दुप्पट अपेक्षित धरले जातात. वर्गात हे मी फार ऐटीत शिकवतो. कार्यालयाच्या तक्त्यात रुग्ण-दिवस तयारच होते: मंजूर वॉर्मर बारा, गुणिले महिन्याचे दिवस. दोन्ही वर्षांना तेच. मी तेच घेतलं, अशा मोजणीसाठीचं नेहमीचं पॉयसन प्रतिमान चालवलं. दर पावणेदोनपट निघाला, आणि विश्वासांतराची खालची कड एकच्या वर, म्हणजे वाढ निव्वळ योगायोगाची वाटत नव्हती. "वाढ लक्षणीय" असं लिहून सही ठोकली. आठवड्यात तिचं कंत्राट थांबलं.

वही परत करायला ती आली तेव्हा मी तिथेच होतो.

"सर, तुमी बारा कावून धरलं?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. "लेकरं सतरा-अठरा हायत. शेजारचा दवाखाना बंद पडला तवापासून एका वॉर्मरवर दोन-दोन ठेवतो आमी."

मी वही उघडली. सात अ, सात ब. नऊ अ, नऊ ब. पानामागून पान. आधीच्या वर्षीही रोजचा आकडा ड्यूटीवरच्या बाईंनी लिहिलेला होता. बेरीज केली: तेव्हा बेचाळीसशे रुग्ण-दिवस, आता त्रेसष्टशे. दर सव्वापटही नव्हता.

माझी दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. काही महिने शून्य, आणि एका महिन्यात अकरा. पॉयसनमध्ये विचरण, म्हणजे आकड्यांचा चढउतार, सरासरीइतकंच धरतात. इथे ते जवळपास तिप्पट होतं. आणि का नसणार? एका वॉर्मरवर दोन बाळं असली की एकाचं दुसऱ्याला लागतं. संसर्ग एकटा येत नाही, घोळक्याने येतो. माझ्या प्रतिमानाने प्रत्येक संसर्ग स्वतंत्र समजला आणि नको तेवढी खात्री दाखवली. असे घोळके धरणारं निगेटिव्ह बायनॉमियल प्रतिमान चालवलं तेव्हा विश्वासांतर निम्म्यापासून पावणेतीनपटीपर्यंत पसरलं. म्हणजे काहीच ठरवता येत नव्हतं. एवढ्यावर एका बाईला घरी बसवलं होतं.

मी सुधारित अहवाल दिला. वाढ सिद्ध होत नाही. घटही सिद्ध होत नाही. गर्दी मात्र वहीत दिसते, वॉर्मर वाढवावेत. मोहनरावांनी पहिलंच वाक्य वाचलं.

"चला, बरं झालं. वाढ न्हाई म्हणजे वार्ड ठीक हाय."

"तसं म्हटलेलं नाही, साहेब. सिद्ध होत नाही म्हणजे नाहीच, असं नसतं."

"आन् सिस्टरची जागा भरली आता." त्यांनी वॉर्मरच्या मागणीचा कागद काढला, त्यावर माझ्या अहवालाचा क्रमांक लिहिला आणि 'आवश्यकता नाही' असा शेरा मारला. मला ओरडायचं होतं. मी चहा प्यायलो आणि उठलो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

महिन्याने परळीला गेलो. नाजिया एका खासगी दवाखान्यात इंजेक्शनं देत होती, पगार निम्मा. तिची आई जैनबबी बाकावर बसून होती. मी कोण ते कळल्यावर तिने तोंड फिरवलं. मी सुधारित अहवाल पुढे केला. नाजियाने तो उभ्या उभ्या वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

"ह्यात माजी चूक न्हाई असं लिवलंय?"

"चूक होती असं म्हणता येत नाही, असं लिहिलंय."

"बरं." तिने कागद घडी करून परत दिला. "सकाळी लेकरं कोन मोजतंय आता?"

"कुणी नाही. तक्त्यात बारा लिहितात."

तिने सिरिंजचं पाकीट फाडलं.

"सात नंबरवर अजून दोनच हायत का?"

मी येताना बघून आलो होतो.

"तीन," मी म्हणालो.