जामीनदाराला जामीनदार

जामीन राहणे म्हणजे कोर्टात जाऊन ओळख सांगणे, असे मी समजत होतो. या समजुतीवर मी सातबारा घेऊन शहाद्याला गेलो.

ज्याच्यासाठी गेलो तो आमच्या गावातला, शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा मिस्त्री. त्याच्या दुकानात मी चहा प्यायचो, एवढीच ओळख. माझ्या केळीच्या बांधाला लागून ज्याची केळी आहे, त्या शेजाऱ्याची मोटार त्याने तीनदा भरली आणि ती तीनदा जळाली. चौथ्यांदा शेजारी जाब विचारायला गेला. मिस्त्रीने हातातला पाइप पान्हा त्याच्या डोक्यात घातला. खाली पडलेल्याला आणखी दोन घातले. कवटीला तडा गेला, एक कान कायमचा बंद झाला.

महिन्याने कोर्टाने जामीन मंजूर केला. मिस्त्रीच्या भावांनी हात वर केले. मिस्त्रीची बायको माझ्या ओट्यावर येऊन रडली, आणि मी विरघळलो. ऐपतीचा दाखला, आधार, फोटो, सगळे वकिलाच्या हातात दिले. न्यायाधीशांनी विचारले, "किती वर्षांपासून ओळखता?" मी छाती काढून दहा म्हणालो. "प्रत्येक तारखेला हजर ठेवाल? तो आला नाही तर पन्नास हजार तुम्हाला भरावे लागतील. समजलं?" दहा वर्षांच्या उत्तरावर मी इतका खूश होतो की पुढच्या प्रश्नांनाही मान डोलावली आणि सही ठोकली.

संध्याकाळी शेजारी आला. डोक्यावर टाक्यांची रांग. "मन्ही डोकी फोडनारले तू घर आनं," एवढेच बोलला आणि आमच्या सामाईक बांधावर बाभळीचे काटे टाकून गेला.

दोन तारखा मिस्त्री आला. तिसरीला दुकानाला कुलूप. कोर्टाने त्याच्यावर वॉरंट काढले आणि मला नोटीस: रक्कम का वसूल करू नये, अमुक दिवशी येऊन सांगा. मी वकिलाला म्हणालो, मग माझा जामीन काढून घ्या. ते हसले. "अर्ज करता येतो. पण मिस्त्री कोर्टापुढे उभा राहीपर्यंत तुम्ही सुटत नाही. आणि चुकलेल्या तारखेचं उत्तर द्यावंच लागेल. भरलं नाही तर जप्ती, नाहीतर तुरुंग. तो कुठे आहे कळलं तर पोलिसांना सांगा. स्वतः जाऊ नका."

नोटिशीतल्या तारखेच्या आदल्या दिवशी कळले, तो प्रकाशा गावाजवळ सासऱ्याच्या मळ्यात आहे. अर्थात मी स्वतः गेलो.

तो मोटारीच्या खोलीत बसला होता. मी म्हणालो, "चल, उद्या तारीख शे."

"तूच जा. सही तुन्ही शे."

मी कॉलर धरली. पान्हा कुठून आला ते दिसलेच नाही. पहिला फटका खांद्यावर, दुसरा बरगडीत. आत काहीतरी कटकन मोडले आणि श्वास अडकला. तो छातीवर बसून गळा दाबू लागला. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी त्याचा अंगठा दातांत धरला आणि हाडापर्यंत चावलो. तो ओरडून मागे झाला तसे मी हातातून पडलेले माझे मोटारसायकलचे हेल्मेट उचलले आणि त्याच्या तोंडावर हाणले. एकदा. दुसऱ्यांदा हाणायची गरज नव्हती, तरी हाणले. त्याचे समोरचे दोन दात माझ्या चपलेजवळ पडले. मजुरांनी आम्हाला वेगळे केले आणि पोलिसांना बोलावले.

त्याला वॉरंटवर धरले, मला त्याच्या दातांवर. हवालदार म्हणाले, "दात पडला की गंभीर दुखापत. तुमचा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनदार आणा आणि जा." तो शब्द ऐकून बरगडी जास्त दुखू लागली. उद्या तो कोर्टात हजर असणार होता, म्हणजे रक्कम कमी करा म्हणायला तोंड होते. पण ते तोंड कोठडीत राहिले तर?

मेहुण्याला फोन केला. तो नेमका त्याच क्षणी सुरतला पोचला होता. चुलतभावाचा सातबारा सापडत नव्हता. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "बघते," आणि ठेवला.

तासाभराने ठाण्याच्या दारात शेजारी उभा राहिला. बंद कान पुढे, चांगला मागे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा. मला वाटले हा उरलेले मारायला आला. त्याने विचारले, "कितला दात पडनात?"

"दोन."

तो टेबलाशी गेला आणि कागद पुढे सरकवले.

हवालदारांनी त्याला मोठ्याने समजावले, "हा तारखेला आला नाही तर पैसे तुम्ही भरायचे. आणि पळाला तर?"

शेजाऱ्याने सही करता करता माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

"हाऊ नही पयाव, साहेब. पयाले बी अक्कल लागस."