साहेबांची लपवलेली स्लाइड

जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत होतो, तेव्हा हैदराबादच्या ग्राहकाला प्रेझेंटेशन पाठवायचं होतं. फाइलची कॉपी करून मी तिच्यावर डॉक्युमेंट इन्स्पेक्टर, म्हणजे फाइलमधली खाजगी माहिती काढून टाकणारी सोय, चालवला. आमच्या थट्टेच्या कॉमेंट्स आणि माझं नाव, सगळं निघून गेलं.

"मंग पाठवू का?" मी शेजारच्या टेबलावरच्या ताईंना विचारलं.

"थांबा. आत एक लपवलेली स्लाइड हाय, ती त्यानं जात न्हाई. ती हातानं काढावी लागते."

ती स्लाइड उघडली, तर बदनापूरच्या शेतात कापसाच्या ढिगावर आमचे साहेब गाढ झोपलेले. फोटो ताईंनीच काढला होता. नेमके साहेब मागं येऊन उभे राहिले. मी घाबरलो, ते मात्र पोट धरून हसले.

"ग्राहकाला पाठवू नका," ते म्हणाले, "पण मला एक प्रिंट द्या. बायकोला दाखवतो, मी किती राबतो ते."

स्लाइड डिलीट करून आम्ही हसत हसतच फाइल पाठवली.