पाच तोळ्यांचं कार्ड

दीपमालाच्या मनात एकदा गोष्ट ठरली की ती दगडावर कोरली गेली म्हणून समजावं. भाजीवाल्याशी ठरलेला भाव असो की मुलीला दिलेला शब्द, त्यात फिरवाफिरवी नाही. पुंडलिकनगरात दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहायची आणि साड्यांना फॉल-पिको करायची. लग्नसराईत तिच्या घरी नवरदेवाच्या आईपासून ते करवल्यांपर्यंत सगळ्यांच्या पैठण्या येऊन पडत. साड्या बोलत नाहीत, आणि घरात बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. नवरा, कचरू, वाळूजच्या कंपनीत होता. तो अटॅकनं गेला. मुलगी प्रेरणा शिकून पुण्याला नोकरीला लागली.

प्रेरणाच्या लग्नात पाच तोळे सोनं घालायचं, हे ठरलेलं. पाचच का, याला कारण होतं. दीपमालाच्या वडिलांनी तिच्या लग्नात पाच कबूल केले आणि तीनच घातले. वैजापूरकडची सासू चतुराबाई हे मरेपर्यंत विसरली नाही. पाहुणे आले की ती सुनेची ओळख ‘ही आमची तीन तोळ्यांची’ अशीच करून द्यायची आणि वर हसायची. हे हसणं दीपमालाने वीस वर्षं चहाबरोबर पाहुण्यांपुढे ठेवलं होतं. आपल्या पोरीला कुणी असं तराजूत घालून बोलू नये, एवढंच तिचं मागणं.

म्हणून चार वर्षांपूर्वी दसऱ्याला ती सराफ्यातल्या एका जुन्या पेढीत जाऊन बसली. तिथले मुनीम इंद्रजीतभाऊ साठीचे, चष्मा कपाळावर आणि पेन कानावर. पेढीची वजनी भिशी होती. अकरा महिने हप्ता भरायचा, प्रत्येक हप्त्याचं त्या दिवसाच्या भावानं वजन कार्डावर चढायचं आणि बाराव्या महिन्यात सोनं घ्यायचं. पूर्ण ग्रॅमची नाणी मिळत, वरचे मिलिग्रॅम, पेढीच्या भाषेत मिली, पुढच्या कार्डावर जात. बाराव्या महिन्याचे पैसे तिने जीएसटीला धरले होते. दागिन्याची मजुरी पुढे घडवताना द्यायची.

“पाच तोळे म्हंजे पन्नास ग्रॅम,” इंद्रजीतभाऊ म्हणाले होते. “पाच वर्षं. म्हंजे वर्षाला दहा ग्रॅम. आज बावीस कॅरेटचा भाव साडेचार हजार धरू. दहा ग्रॅमचे पंचेचाळीस हजार, भागिले अकरा, चार हजार एक्क्याण्णव.”

“आणि पुढं भाव वाढला तर?”

“वाढणारच की. मागच्या दहा वर्षांत वर्षाला सहा टक्क्यांच्या वर धड वाढला नाय. पण आपण सढळ हातानं दहा टक्के धरू, ताई. दुसऱ्या वर्षी हप्ता साडेचार हजार. तिसऱ्या वर्षी चार हजार नऊशे पन्नास. चौथ्या वर्षी पाच हजार चारशे पंचेचाळीस. पाचव्या वर्षी पाच हजार नऊशे नव्वद.”

हे पाच आकडे दीपमालाने शिलाईच्या वहीत पहिल्या पानावर लिहिले आणि तिचं आयुष्य त्यांच्याभोवती मांडलं. पाच तारखेला इस्त्रीची साडी, रिक्षाने क्रांती चौक, तिथून पुढे सराफा. पेढीवर गेली की इंद्रजीतभाऊ विचारायचे, “प्रेरणा काय म्हंती?” मग चहा यायचा. बाकावर बहुतेक वेळा कमरुन्निसाबी भेटायच्या. त्यांचीही भिशी होती, मुलगी आमरीनसाठी. त्या दोघी भावाला मिळून शिव्या घालायच्या. “सोना नक्को, आफत है ये,” असं म्हणत कमरुन्निसाबी हप्ता मोजायच्या. महिन्यातले उरलेले एकोणतीस दिवस दीपमालाला कुणी काही विचारत नसे. म्हणून ती तो एक दिवस चवीचवीने पुरवायची.

आता भाव काही दीपमालाच्या वहीत बघून वाढत नव्हता. पहिल्या वर्षी साडेनऊ ग्रॅमच्या जरा वर पडले, दुसऱ्या वर्षी त्याहून थोडे कमी. दोन वर्षांत वीसच्या जागी एकोणीस. त्या दसऱ्याला भाव पाच हजार सातशेला गेला होता. इंद्रजीतभाऊंनी चष्मा खाली ओढला.

“ताई, हिशोब नव्यानं मांडू. एकतीस ग्रॅम राह्यलेत अन् तेहतीस हप्ते. हप्ता पाच हजार साडेतीनशे केला तर गाडी रुळावर येती. चारशेचाच फरक हाय.”

“ठरलं ते ठरलं, भाऊ,” दीपमाला म्हणाली. “वहीत चार हजार नऊशे पन्नास हाय.”

खरं सांगायचं तर तिला वाटलं, हा पेढीचा डाव आहे. आधी कमी सांगायचं, गिऱ्हाईक गुंतलं की वाढवायचं. वडिलांनीही असंच कबूल करून फिरवलं होतं. आकडा बदलला म्हणजे शब्द मोडला, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पुढच्या दसऱ्याला इंद्रजीतभाऊंनी पुन्हा विषय काढला, तिने पुन्हा मान हलवली. हप्ता शब्दाला जागला, वजन मात्र दर महिन्याला उतरत गेलं.

यंदाच्या दसऱ्याला ती चौथं कार्ड घेऊन गेली, तेव्हा भाव होता दहा हजार नऊशे. इंद्रजीतभाऊंनी चारही वर्षांचं वजन एकाखाली एक लिहिलं. नऊ पूर्णांक सत्तावन्न, नऊ बेचाळीस, आठ त्र्याण्णव, सात सव्वीस.

“पस्तीस ग्रॅम, वर एकशे ऐंशी मिली,” ते म्हणाले.

“चाळीस पायजे होते.”

“व्हय. पण तुमचे दोन लाख नऊ हजार गेलेत, अन् आज याचे पावणेचार लाखांच्या वर व्हतात. फायद्यात हाय तुम्ही.”

दीपमालाला तो फायदा कळेना. ती पैसे मोजतच नव्हती. तिला पाच तोळे हवे होते, आणि समोर साडेतीन होते. ज्या महागाईने तिची नाणी मोलाची केली, तिनेच उरलेली नाणी तिच्या हाताबाहेर नेली.

“राह्यले किती?”

“चौदा ग्रॅम आठशे वीस. आजच्या भावानं एक लाख एकसष्ट हजार. अकरा हप्ते, म्हंजे चौदा हजार सहाशे पंच्याऐंशी. भाव अजून चढला तर अजून जास्त.”

“अन् पाच हजार नऊशे नव्वदच भरले तर?”

“सहा ग्रॅम. समदे मिळून एक्केचाळीस. चार तोळ्यांच्या वर.”

चार म्हणजे पुन्हा पाचाला कमी. तिला वाटलं, चतुराबाई इथेच कुठेतरी बाकावर बसून हसते आहे. ती म्हणाली, “दिवाळीनंतर कार्ड उघडते,” आणि चहा न घेता निघाली.

पुढचे दिवस तिने साड्यांचा ढीग दुप्पट केला. एका फॉलचे शंभर, तर चौदा हजारांना किती साड्या, हे गणित सुईबरोबर चालायचं. दूध बंद केलं. दिवाळीला प्रेरणा आली. पोरीने फ्रीज उघडला, आईचे डोळे पाहिले, मग वही पाहिली. पहिल्या पानावरचे आकडे आणि त्यांच्याखाली नव्याने लिहिलेला चौदा हजार सहाशे पंच्याऐंशी.

“मम्मी, हे काय आहे?”

सांगावंच लागलं. विश्वजीतशी लग्न पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात ठरलं होतं. तो प्रेरणाच्याच ऑफिसातला, नांदेडकडचा, साधा मुलगा.

“त्याच्या घरी कुणी एक ग्रॅम तरी मागितलंय का?” प्रेरणा म्हणाली. “आजीला जाऊन सात वर्षं झाली, मम्मी. तू अजून तिलाच तोलून दाखवतेस.”

दीपमालाने वही मिटली. खरं होतं ते. तिला रडू आलं, पण ते चतुराबाईसाठी की वडिलांसाठी की स्वतःसाठी, हे तिचं तिलाच उमजेना. प्रेरणा घाबरली. तिने आईला जवळ घेतलं आणि आजच्या पोरी करतात तसा प्रश्न तिथल्या तिथे फोनवर सोडवून टाकला. पेढीचं ॲप निघालं होतं. त्यात तिने नवं कार्ड उघडलं, आपल्या पगारातून दर महिन्याला पंधरा हजार आपोआप कापले जातील असं करून ठेवलं.

“पाच तर पाच. तुझी हौस पूर्ण होऊ दे,” ती म्हणाली. “आणि आता दर महिन्याला उन्हातान्हात सराफ्यात जायचं नाही. घरबसल्या होतं सगळं. तुझे सहा हजार तू स्वतःवर खर्च कर. दूध आण आधी.”

मुलीच्या डोळ्यांत एवढं प्रेम होतं की दीपमालाला नाही म्हणता आलं नाही. कौतुकच वाटलं. प्रेरणा पुण्याला परतली आणि घर पुन्हा साड्यांचं झालं.

पाच नोव्हेंबरला सकाळी तिने इस्त्रीची साडी नेसली. मग तिच्या लक्षात आलं की कुठेच जायचं नाही. थोडा वेळ ती तशीच पलंगावर बसली. शेवटी पायांनीच ठरवलं आणि ती रिक्षात बसली.

पेढीवर इंद्रजीतभाऊ एकटेच होते. कमरुन्निसाबींचा बाक रिकामा होता. त्यांच्या पोरानेही त्यांना फोनमध्ये ॲप घालून दिलं होतं.

“ताई? तुमचा हप्ता सकाळीच जमा झाला की,” इंद्रजीतभाऊ म्हणाले. “काही राह्यलं का?”

“नाय. भाव इचारायला आले.”

“अकरा हजार दीडशे. पंधरा हजारांत एक ग्रॅम तीनशे पंचेचाळीस मिली चढलं. बराबर चाललंय आता. पोरगी हुशार निघाली. तुम्ही आता निवांत.”

“व्हय,” ती म्हणाली.

काउंटरवर त्यांच्यामध्ये ना कार्ड होतं, ना नोटा, ना शिक्का. विचारायचं होतं ते विचारून झालं होतं. तेवढ्यात एक जोडपं अंगठ्या बघायला आत आलं आणि इंद्रजीतभाऊ त्यांच्याकडे वळले. दीपमाला बाकाच्या टोकाला थोडी टेकली. पण बिनकामाचं बसणं तिला कधी जमलं नव्हतं. ती उठली, इंद्रजीतभाऊंना जाते म्हणाली. त्यांनी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मान हलवली.

क्रांती चौकात रिक्षा सिग्नलला थांबली असताना प्रेरणाचा फोन आला.

“मम्मी, हप्ता गेला बघ बरोबर. मेसेज आला ना? तुला काहीच करावं लागलं नाही. कुठं आहेस, गाड्यांचा आवाज येतोय?”

“दूध आणायला निघाले,” दीपमाला म्हणाली.

“छान. आता कसं, निवांत वाटतंय ना?”

“व्हय बाई,” ती म्हणाली. “लई निवांत वाटतंय.”