बर्फासकट तोललेले झिंगे

नाना, माझे वडील, पडले आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळत आलं, पण अंथरुणात पडून राहिल्यानं पाठीखाली जखम झाली. ती भरेना. धुळ्याच्या इस्पितळातल्या सर्जननं सांगितलं, जखमेवर शस्त्रक्रिया करावी लागेल, पण अंगात प्रथिनं नसताना टाके धरणार नाहीत. आधी खाऊ घाला.

आहारतज्ज्ञ बाईंनी रोजचा हिशोब करून दिला. अंडी नानांना सोसत नव्हती, डाळीनं पोट फुगायचं. तापीकाठच्या गावात वाढलेला माणूस, झिंगे म्हटलं की तोंड उघडायचा. म्हणून रोज दोनशे ग्रॅम सोललेले झिंगे ठरले. त्यातून चाळीसच्या आसपास ग्रॅम प्रथिनं मिळतील, असं बाईंनी मांडलं होतं. ताजे मिळण्याचा भरवसा नाही, म्हणून देवपुरातल्या दुकानातून गोठवलेले आणायचे.

आमच्या घरात आई माळकरी. मासळी स्वयंपाकघरात शिजत नाही. वहिनी ती मागच्या ओट्यावर, वेगळ्या शेगडीवर करते. पण वजनकाटा घरात एकच, पापडाचं पीठ तोलायचा, आणि तो आईचा. आईनं एवढी सूट दिली की झिंगे दगडासारखे कडक असताना, पिशवीत घालून तोलायचे. काट्याला पाणी लागता कामा नये, वास तर नाहीच. वहिनी तसंच करायची. पिशवी काट्यावर, आकडा दोनशे, आणि झिंगे थेट उकळत्या रश्श्यात.

रक्ताच्या तपासणीत सुधारणा दिसली नाही. जखमेचा तळ फिकटच होता. सर्जननं शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि विचारलं, "ते खरंच सगळं खातात का?"

हा प्रश्न घरी आला तो वहिनीवर. मोठी बहीण पारोळ्याहून आली होती. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती ओट्यावर उभी राहून म्हणाली, "नानाले पुरं देस ना तू? का रस्सा रस्साच?"

"ताट मी धोस, अक्का," वहिनी म्हणाली. "त्यात काही उरत नही."

"मग जास कुठे?"

आत नाना जागे होते. "मन्हा पोटात जास," ते म्हणाले. "रस्सा मातर पानचट शे." वहिनी दिवसभर अक्काशी बोलली नाही.

पुढच्या भेटीला मी वहिनीबरोबर गेलो. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला दोष दिला नाही. काय काय खातात ते विचारत त्या झिंग्यांवर आल्या आणि म्हणाल्या, "तोलता कधी? गोठलेले, की बर्फ सुटल्यावर?"

"गोठलेले. सासूबाईंचा काटा आहे," वहिनी म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवून समजावलं. गोठवताना झिंग्यांवर पाण्याचा पातळ थर चढवतात. तो बर्फ होऊन बसतो, म्हणजे झिंगे सुकत नाहीत, त्यांचा रंग जात नाही. थर किती, ते माल-मालावर. तुम्ही तोलता त्यात तो बर्फही येतो, आणि बर्फात प्रथिनं नसतात. माझा हिशोब कच्च्या, निथळलेल्या झिंग्यांचा आहे.

घरी येऊन वहिनीनं नेहमीसारखे दोनशे ग्रॅम तोलले. मग ते चाळणीत घालून गार पाण्याखाली धरले, बर्फाचं कवच जाईपर्यंतच. निथळू दिले. आता ओले झिंगे काट्यावर ठेवायचे होते. तिनं आईकडे पाहिलं. अक्का दारात उभी होती.

आई उठली, काटा स्वतः ओट्यावर आणून ठेवला. "ठेव," ती म्हणाली.

आकडा दीडशेच्या जरा खाली थांबला. चाळीस ग्रॅम प्रथिनं धरली होती, तिथे तीसही जात नव्हती, आणि हे रोज. अक्कानं आकडा वाकून पाहिला. मग चाळणी उचलून धुऊ लागली. वहिनीनं तिच्या हातातून ती घेतली नाही.

त्या दिवसापासून झिंगे आदल्या रात्री चाळणीत, खाली भांडं ठेवून, बर्फ सुटायला फ्रिजमध्ये राहू लागले. निथळल्यावर दोनशे भरेपर्यंत वहिनी घालत राहायची. आईनं पिठासाठी दुसरा काटा मागवला. नाना म्हणाले, आता रस्सा रश्श्यासारखा लागतो.

सुधारणा सावकाश झाली. ड्रेसिंगला येणारी नर्स एकदा म्हणाली, तळ लाल होतोय. नव्या रिपोर्टवर सर्जननं जखम पुन्हा तपासली आणि शस्त्रक्रियेला होकार दिला. जोखीम आहे, वयही आहे, हेही सांगितलं. सही वहिनीनं केली; भाऊ गावाबाहेर होता, आणि आई म्हणाली, हिनंच करावी.

नानांनी विचारलं, "आते झिंगा बंद व्हतीन का?"

"नाही," सर्जन म्हणाले. "टाके भरायला आता जास्त लागतील."