हातोडे विकायचे नाहीत

माझी मावशी मी एका सहीत घालवली. सख्खी नव्हे, मी चित्रात काढलेली. काठापदराची साडी, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, काखेत पिशवी आणि चेहऱ्यावर ‘मला शिकवू नका’ असा भाव. बँकेतल्या नव्या लोकांनी गिऱ्हाइकाशी कसं बोलावं याचे संगणकावरचे धडे एक कंपनी बनवत होती, त्यांच्यासाठी मी तिला जन्माला घातलं. करार आला तेव्हा पहिल्या पानावरचा आकडा पाहिला आणि शेवटच्या पानावर सही ठोकली. मधली पानं कोण वाचतं? वर्षभरानं लक्ष्मी रस्त्यावरच्या एका जाहिरातीच्या फलकावर मावशी पापड विकताना दिसली! तणतणत कंपनीला फोन केला, तर तिकडून थंड आवाज आला, “मॅडम, सातवं कलम वाचा.” वाचलं. सगळे हक्क त्यांचे होते, मावशी दुसऱ्या कुणाला विकायचेसुद्धा. तिला दुसऱ्या कामात वापरायचीही मला सोय नव्हती. त्या फलकाखाली उभी राहून मी रडले, सांगायला लाज कसली.

माझं माहेर अकोल्याकडचं, म्हणून आवाज मोठा आणि राग नाकावर. आयटीची भरभराट होती तेव्हा पुण्यात नोकरीला आले, इथलीच झाले. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली आणि घरून चित्रांची कामं घेऊ लागले. सासर कसबा पेठेतलं, तांबटांचं. खाली सासऱ्यांचं भांड्यांवर ठोके घालण्याचं काम चाले, वर माझा संगणक. ठोक्यांच्या तालावर काम करायची इतकी सवय झाली की ते जेवायला उठले की माझंही काम थांबायचं.

सात वर्षांत मी चित्रांचा एक साठा जमवला होता. शेकडो हात, चेहरे, चपला, बँकेचे काउंटर, एसटी स्टँडवरचे बाक. नवं काम आलं की त्यातलंच उचलायचं, जोडायचं, रंग बदलायचे. तो गेला असता तर मी पुन्हा कोऱ्या कागदावर आले असते. माझं पोट त्याच्यावर होतं.

अशात येरवड्याच्या एका कंपनीकडून एका बँकेसाठीच्या धड्यांचं आठ महिन्यांचं काम आलं. सोबत अकरा पानांचा इंग्रजी करार. या वेळी वाचायचंच ठरवलं, पण डोळे ओळींवरून नुसते घसरत होते. कायद्याचं इंग्रजी मोठं गुळगुळीत असतं. चहा घेऊन खाली गेले तर सासरे म्हणाले, “एवढं काय वाचतेस गं? मलाही सांग.” ते सातवीपर्यंत शिकलेले. म्हटलं, चला, मराठीत सांगता सांगता मलाही कळेल.

“काम स्वीकारल्यावर साठ दिवसांत पैसे देणार म्हणतात, बाबा.”

“आणि स्वीकारणार कधी?”

मी पानं उलटली. कुठंच लिहिलं नव्हतं.

“म्हणजे घागर न्यायची, पाणी भरायचं आणि आवडली का ते सांगायचंच नाही,” ते म्हणाले. “हुशार आहेत.”

पुढचं कलम. “या कामासाठी केलेलं आणि वापरलेलं सगळं साहित्य, आधीचं धरून, कंपनीच्या मालकीचं.”

त्यांचा हात थांबला. “वापरलेलं? म्हणजे घागरीबरोबर हातोडेसुद्धा द्यायचे?”

इंग्रजीत हेच वाक्य मी तीनदा वाचून पुढे गेले होते! मराठीत, हातोडा धरलेल्या माणसासमोर, ते उघडंनागडं झालं. माझा सगळा साठा त्या एका ‘वापरलेलं’मध्ये गेला असता.

शेवटी काम बंद करण्याचं कलम. कंपनीनं कधीही, न कळवता काम थांबवायचं आणि स्वीकारलेल्या भागाचेच पैसे द्यायचे. “आणि तुला सोडायचं झालं तर?” त्यांनी विचारलं. त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

दोन दिवस बसून मी बदल लिहिले आणि येरवड्याला गेले. मॅनेजर सभ्य गृहस्थ, चाळिशीचे. हसून म्हणाले, “मॅडम, हा आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे. आजवर कुणी बदलायला सांगितला नाही.”

“कुणी वाचला नसेल,” मी म्हटलं. “मीही वाचत नव्हते.”

दहा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरायचं, हे त्यांनी मानलं. बिलापासून तीस दिवसांत पैसे, पुढे व्याज आणि तरीही आले नाहीत तर काम थांबवायचा मला हक्क, हेही मानलं. काम बंद करायचं तर दोघांपैकी कुणीही पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यायची आणि अर्धवट कामाचेही झालं तेवढे पैसे, यावर जरा कुरकुरले, पण मानलं. मालकीवर मात्र अडून बसले. आठ महिन्यांचं काम समोर होतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण पापड विकणारी मावशी डोळ्यांसमोर आली आणि मी पर्स उचलली.

“पूर्ण पैसे आले की चित्रं तुमची. हातोडे माझे.”

“हातोडे?” त्यांनी विचारलं. मी समजावलं, माझा आधीचा साठा माझाच राहील, तुमच्या धड्यांत आहे तेवढा तुम्ही कायम वापरा, साठ्याची यादी कराराला जोडू. ते म्हणाले, लीगलला विचारतो. घरी येईपर्यंत काम गेलंच असं मी धरून चालले होते.

चौथ्या दिवशी सुधारलेला करार आला, शेवटी माझी यादी जोडलेली. पुन्हा खाली बसून सासऱ्यांना ओळ न् ओळ ऐकवली आणि मगच सही केली.

पाच महिन्यांनी मेल आला. त्यांच्या बँकेनं काम काढून घेतलं होतं. ‘आजपासून काम बंद, मूळ फाइल्स आणि संपूर्ण साठा पाठवून द्यावा.’ वाचून आधी डोकं तापलं, मग आठवलं, अगं, करार आहे की! उत्तर लिहिलं. पंधरा दिवसांची सूचना आजपासून धरते. सहा धड्यांवर दहा दिवसांत हरकत आली नाही, म्हणून ते स्वीकारलेले. दोन अर्धे, त्यांचे अर्धे पैसे. पूर्ण रक्कम येईपर्यंत एकाही धड्याचे हक्क तुमच्याकडे येत नाहीत. साठा यादीत आहे, तो माझा.

मॅनेजरांचा फोन आला. “मॅडम, एवढं ताणायचं का?”

“ताणत नाही हो. वाचून दाखवतेय. पान सहा.”

तीस दिवसांच्या आत सगळे पैसे आले, अर्ध्या धड्यांचेसुद्धा. जिन्यावरून धडाधडा खाली उतरले आणि ओरडले, “बाबा, जिंकलो!” शेजारची दोन दुकानं बाहेर आली. सासऱ्यांना खरवस आवडतो, तो आणला. ते म्हणाले, “तू जिंकलीस. मी फक्त प्रश्न विचारले.” माझी छाती इतकी फुलली होती की मी ते खोडून काढलंच नाही.

वर्षभरानं तेच मॅनेजर दुसऱ्या कंपनीत गेले आणि तिथून त्यांचा फोन आला. माझा तो साठा त्यांना हवा होता, विकत. मी म्हटलं, विकत नाही, वर्षाच्या बोलीवर वापरायला देते. माझा चार पानी करार पाठवला. दोन तासांनी पुन्हा फोन. “मॅडम, तिसऱ्या पानावर दोन बदल करता येतील का?”

खाली ठोके थांबले होते. बाबा कान देऊन ऐकत होते.

“हा माझा स्टँडर्ड फॉरमॅट आहे,” मी म्हटलं आणि तिसरं पान उघडलं. “पण तुम्ही वाचलात ना, म्हणून करते.”