ड्रमच्या ठोक्यावरचा टॅकल

आमच्या फुटबॉल क्लबात एडिटरबाईंना सगळे कातरी म्हणतात. मी शूट करतो, ती कापते. वाहवा तिला आणि "तुझा कॅमेरा हलला" हे मला. असो.

अंतिम सामन्यात तिच्या भाच्यानं, म्हणजे आमच्या बचावपटूनं, घसरत पाय घालून टॅकल केला आणि गोल वाचवला. समोरचा खेळाडू लंगडत बाहेर गेला, पण रेफरीनं शिट्टी वाजवली नाही. मी तो क्षण सेकंदाला एकशेवीस फ्रेम्सनी टिपला होता. कातरीनं रीलमध्ये भाच्याचं धावणं सुसाट पळवलं आणि पार्श्वसंगीतातला ड्रमचा ठोका जवळ येताच वेग उतरवून सगळं जवळजवळ पाच पट मंद केलं. ठोका पडतो तिथेच बूट नडगीवर बसतो. मला तर बाई जादूगार वाटली.

रविवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये रील लागली. त्यानंतर कोच नवा कर्णधार जाहीर करणार होते आणि तो भाचाच होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पडद्यावर भाच्याची नजर सावकाश खाली गेली. पाय सावकाश पुढे सरकला. धाड! मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, यानं तर बघून मारलं!"

कोच उठले, "कर्णधाराचं नंतर बघू." भाचा कुणाकडे न बघता बाहेर पडला. कातरी पांढरीफटक पडली.

"मूळ क्लिप लाव," ती माझ्यावर खेकसली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवू लागली. नडगीच्या आधीच बुटाचं टोक चेंडूला लागलं होतं. तो स्पर्श जेमतेम दोन फ्रेम्सचा. पळवलेल्या भागात चौदा-पंधरा फ्रेम्समधली एकच दिसते, बाकीच्या वगळल्या जातात. चेंडूचा स्पर्श त्यातच गेला होता, आणि मंद भाग सुरू होत होता त्यानंतर.

"चेंडू मीच गिळला रे," ती म्हणाली.

तिनं सगळ्यांसमोर तीच क्लिप मूळ वेगात लावली. पापणी लवायच्या आत सगळं संपलं. मग मंद केली, पण या वेळी चेंडूपासून. कोच खाकरले. "नजर चेंडूवरच आहे की! पोराला बोलवा. कर्णधार तोच."

आम्ही दोघं धावत कपडे बदलायच्या खोलीत गेलो. भाचा बाकावर बसला होता, एक बूट हातात.

"राजा, माझी चूक होती," कातरी म्हणाली. "तू आधी चेंडूलाच मारलंस. सगळ्यांनी पाहिलं आता. कोच बोलावतायत."

त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"खरंच, मावशी? मला तर पडद्यावर बघून पटलं होतं, की मीच मुद्दाम मारलं."